ए2चा क्लास झालाय, बी2 किती लांब?

प्रश्न: मी खानापूरची, जीएनएम झालंय, बेळगावात एका दवाखान्यात ड्युटी करते. जर्मनचा ए2चा क्लास झाला. जर्मनीत नोकरी लावून देणारा एजंट म्हणतो सहा महिन्यांत बी2 होईल. खरंच होईल का, आणि मी आत्ता नक्की कुठल्या लेव्हलला आहे हे कसं कळणार?

ताई, नोकरी सांभाळून सहा महिन्यांत होणार नाही. दीड वर्ष धरा. हा आकडा कुठून आला ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचा आकडा काढता येईल. मी बेळगावात जर्मन शिकवते आणि माझ्या वर्गात नर्सिंगच्या मुली बऱ्याच असतात.

आधी लेव्हलचं बघू. ए2चा क्लास पूर्ण होणं आणि ए2 येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीईएफआर म्हणजे ए1 ते सी2 असं भाषेचं युरोपीय माप. त्याच्या पायऱ्या पुस्तक कुठवर शिकून झालं ते मोजत नाहीत. त्या भाषेत तुम्हाला काय करता येतं ते मोजतात, आणि तेही ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं वेगवेगळं धरून. आपल्या भागात हे समजायला सोपं आहे. तुमचं कन्नड घ्या. बसमध्ये कंडक्टरशी, वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी तुम्ही बोलत असणार. औषध कधी घ्यायचं, परत कधी यायचं हे सांगता, आणि त्यांनी उलट काही विचारलं तर निभावता. हे बोलणं बी1च्या आसपासचं झालं. पण तालुका ऑफिसातून आलेलं कन्नड पत्र हातात दिलं तर? मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणांचं वाचन तिथे ए2वरच अडतं. मग 'माझं कन्नड बी1' म्हणायचं की ए2? दोन्ही खरं आहे, म्हणून एकच अक्षर सांगून भागत नाही. क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनचं बहुतेक वेळा याच्या उलट असतं. वाचन पुढे जातं आणि कान मागे राहतात.

सुट्टीच्या एका दिवशी हे करा. जर्मनची परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर बी1चा नमुना पेपर फुकट मिळतो. Modellsatz असं लिहिलेलं असतं, त्यातला Erwachsene म्हणजे मोठ्यांसाठीचा घ्या. घड्याळ लावून सोडवा: वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लिहिणं 60. डिक्शनरी नको, आणि ऑडिओ मध्येच थांबवून मागे नेऊ नका. काही भाग एकदाच ऐकवतात, तो एकदाच ऐका. इथेच सगळे स्वतःला फसवतात. दुसऱ्यांदा ऐकून बरोबर आलेलं उत्तर परीक्षेत मिळत नाही. वाचन आणि ऐकणं यांत प्रत्येकी 30 प्रश्न असतात आणि पास व्हायला 100 पैकी 60, म्हणजे 18 प्रश्न बरोबर यावे लागतात. लिहिलेलं आणि बोललेलं मात्र स्वतः तपासू नका, शिकवणाऱ्या कुणाकडून तरी मार्क घ्या.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. तिचीही परिस्थिती तुमच्यासारखीच होती: नर्स, रोज खानापूर-बेळगाव, ए2चा क्लास झालेला. वाचनात तिला 30 पैकी 19 आले, म्हणजे तिथे ती बी1ला पोचली होती. ऐकण्यात 10. लिहिण्यात मी 100 पैकी 45 दिले, बोलण्यात 40. मग तिला ए2चा पेपर दिला, त्यात ऐकण्यात 20 पैकी 13 आले. म्हणजे ए2 पक्कं होतं, पण बी1ची सुरुवात वाचन सोडून कुठेच झालेली नव्हती. तारीख काढताना तिचं वाचन बाजूला ठेवलं आणि सगळ्यात मागे असलेलं ऐकणं धरलं. कारण सरळ आहे, बी2ला चारही भागांत वेगवेगळे 60 लागतात. वाचनातले जास्तीचे मार्क ऐकण्याला देता येत नाहीत.

आता तास. गोएथेच्या अंदाजानं ए2 पुरं व्हायला 45 मिनिटांचे 200 ते 350 तास लागतात आणि बी2पर्यंत एकूण 600 ते 800. आम्ही तिची सुरुवात 250 धरली आणि बी2 700 वर. मधले 450 तास म्हणजे घड्याळाचे साधारण 340. हे फक्त शिकवणीचे. घरचा अभ्यास याच्या निम्मा तरी लागतो, म्हणून मी 500 तास धरते. त्यातले 200 बी1पर्यंतचे आणि 300 पुढचे.

आणि वेळ कुठून येतो? चार दिवस दीड-दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी चार, असे आठवड्याचे 10. नाइट ड्युटीच्या आठवड्यात त्याचे पाच होतात. महिन्याला 35. (बसमधला तास मी धरत नाही. उभं राहून, गर्दीत ऐकलेलं फारसं टिकत नाही.)

500 ला 35 ने भागलं की चौदा महिन्यांच्या वर जातं. 1 जुलैला सुरुवात केली तर बी1चे 200 तास डिसेंबरअखेर पुरे होतात आणि जानेवारीत परीक्षा देता येते. पुढच्या 300 तासांना फेब्रुवारीपासून साडेआठ महिने. त्यात गणपती, घरातलं लग्न, एखादं आजारपण यांचा एक महिना घाला, म्हणजे नोव्हेंबर आला. बी2ची परीक्षा डिसेंबरात. एखादा भाग राहिलाच तर तेवढाच परत देता येतो, त्यासाठी आणखी दोन-तीन महिने हाताशी ठेवा. परीक्षेला पुणे किंवा बेंगळुरू गाठायचं असतं, त्यामुळे जागा आणि रजा दोन्ही आधी धरून ठेवावी लागते.

सहा महिन्यांचं गणितही करून बघा. 500 तास 26 आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला 19 तास होतात. नोकरी सोडून पूर्णवेळ क्लास केला तर हे जमतं, आणि जमवलेल्या मुली मी पाहिल्यात. ड्युटी करून नाही.

आठ आठवड्यांनी दुसरा नमुना पेपर सोडवा आणि किती तास बसलात ते मोजा. 70 तास व्हायला हवेत. 45च झाले असतील तर तारीख त्या हिशेबानं पुढे न्या, 'पुढच्या महिन्यात भरून काढेन' म्हणू नका. तास पुरे झालेत पण ऐकण्याचे मार्क जिथल्या तिथे आहेत, असं झालं तर अभ्यास चुकीच्या ठिकाणी चाललाय. तेव्हा व्याकरणाची वही महिनाभर मिटून रोज अर्धा तास ऐकून लिहून काढा, म्हणजे ऑडिओतलं वाक्य ऐकायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि मग छापील मजकुराशी ताडून पाहायचं. आपल्याला जर्मनमध्ये दोन गोष्टी सोप्या जातात. चौतीसमध्ये चार आधी आणि तीस नंतर, तसंच त्यांच्याही आकड्यात असतं. आणि 'कारण' या अर्थाच्या weil ने जोडलेल्या वाक्यात त्यांचंही क्रियापद शेवटी जातं. तरी ऐकताना हेच दोन्ही निसटतं, कारण ते आपण वाचून शिकलेलो असतो.

एजंटाकडे सही करण्याआधी करारात बी2ची तारीख लिहिलीय का ते बघा. त्या तारखेपर्यंत सर्टिफिकेट आलं नाही तर क्लासचे पैसे कुणी भरायचे, हे त्यातच लिहून घ्या. पेपर सोडवलात की चारही भागांचे मार्क आणि तुमच्या ड्युटीचा तक्ता इथे खाली लिहा, तुमची तारीख आपण मिळून काढू.