यूकेचा विद्यार्थी व्हिसा 'पैसे २८ दिवस नव्हते' म्हणून नाकारला. रिव्ह्यू मागू की नवा अर्ज करू?

प्रश्न: "६ जानेवारीला नकाराचे पत्र आले, त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. बाबांच्या खात्यात ३० लाखांहून जास्त होते. मध्ये फक्त तीन दिवस ४ लाख एफडीत टाकले होते, तेही त्यांच्याच नावावर. तरी 'निधी पुरेसा नाही' असे लिहिले आहे. विद्यापीठ २ फेब्रुवारीपर्यंतच हजर व्हायला सांगते आहे. रिव्ह्यू मागू की नवा अर्ज करू?"

उत्तर:

सर्वप्रथम एक विनंती आहे. स्क्रीनशॉटमध्ये GWF ने सुरू होणारा अर्ज क्रमांक आणि तुमची जन्मतारीख स्पष्ट दिसते. तो काढून टाका आणि या दोन्ही ओळी झाकून पुन्हा लावा.

तुम्ही पत्राचे पहिलेच पान लावले आहे, पण निर्णयाचा गाभा त्यावर आहे. विद्यार्थी व्हिसाला एकूण ७० गुण लागतात: अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे ५०, इंग्रजीचे १० आणि आर्थिक पात्रतेचे १०. तुम्हाला पहिले ६० मिळाले आहेत आणि शेवटचे १० नाकारले आहेत. म्हणजे अधिकाऱ्याला तुमच्या हेतूविषयी, शिक्षणाविषयी किंवा कागदपत्रांच्या खरेपणाविषयी शंका नाही. तरीही दुसऱ्या पानावर 'फॉल्स रिप्रेझेंटेशन्स' किंवा 'डिसेप्शन' असे शब्द कुठे आहेत का, ते आज नीट पाहा. ते असतील तर प्रकरण वेगळे होते, कारण फसवणुकीच्या ठपक्यामुळे पुढील अर्जांवर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि मग वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही करू नये. ते शब्द तेथे नाहीत असे धरून पुढचे लिहितो.

पत्रातला हिशेब असा आहे. अभ्यासक्रम लंडनबाहेरचा आहे. ११ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लंडनबाहेर राहण्याचा खर्च महिना १,१७१ पौंड धरतात, आणि अभ्यासक्रम वर्षभराचा असला तरी जास्तीत जास्त नऊच महिन्यांचा धरतात, म्हणजे १०,५३९ पौंड. तुमच्या कॅसवर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या पुष्टीपत्रावर, १७,५०० पौंड शुल्क आणि ५,००० भरल्याची नोंद आहे, म्हणून बाकी १२,५००. एकूण २३,०३९ पौंड. अर्जाच्या दिवशीचा, १७ डिसेंबरचा, ओअँडा संकेतस्थळावरचा दर पत्रात १२० रुपये धरला आहे. त्यानुसार तुम्हाला २७,६४,६८० रुपये दाखवायचे होते. बाबांच्या खात्याचा उतारा १८ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर असा बरोबर २८ दिवसांचा आहे. २ डिसेंबरला त्यात २६,८६,२०० रुपये, म्हणजे २२,३८५ पौंड दिसतात. ६५४ पौंड कमी पडले.

येथे बहुतेकांचा समज चुकतो. नियम सरासरी शिलकेचा नाही आणि शेवटच्या दिवशीच्या शिलकेचाही नाही. २८ दिवसांपैकी एकाही दिवशी रक्कम त्या आकड्याखाली जाता कामा नये. बँकेचे सरासरी शिलकेचे प्रमाणपत्र त्यामुळेच येथे निरुपयोगी ठरते. तीन दिवसांची तूट असो वा तीन तासांची, दिवसअखेरच्या शिलकेत ती दिसली की दहा गुण जातात. तुमच्या घरचे पैसे कुठेही गेले नव्हते, हे मला पटते. पण अधिकारी घरची परिस्थिती पाहत नाही, अर्जासोबतचे कागद पाहतो.

म्हणूनच तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही न लिहिलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहे: एफडीची पावती तुम्ही १७ डिसेंबरच्या अर्जाबरोबर अपलोड केली होती का?

केली असेल, तर चूक अधिकाऱ्याची असण्याची दाट शक्यता आहे. एकाच पालकाच्या दोन खात्यांतील रक्कम एकत्र धरता येते, आणि मुदतीआधी मोडता येणारी मुदत ठेव ग्राह्य असते. २ डिसेंबरचे २२,३८५ पौंड आणि एफडीतील ४ लाखांचे सुमारे ३,३३३ मिळून २५,७१८ होतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. पत्रात एफडीचा उल्लेखही नाही, यावरून ती पाहिली गेली नसावी. अशा वेळी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची प्रशासकीय फेरतपासणी, मागता येते. भारतातून अर्ज केलेल्यांना निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांची मुदत असते. तुमची ३ फेब्रुवारीला संपते. शुल्क ८० पौंड आहे, आणि चूक मान्य होऊन निर्णय मागे घेतला गेला तर ते परत मिळते. मागणी लिहिताना तक्रारीचा सूर नको. कोणत्या नावाची फाइल अपलोड केली होती, तिच्या कितव्या पानावर ठेवीची तारीख, रक्कम आणि मुदतपूर्व मोडण्याची अट आहे, एवढेच लिहा.

केली नसेल, तर रिव्ह्यूवर वेळ घालवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. या फेरतपासणीत अर्जाच्या वेळी जे कागद होते त्यांवरूनच निर्णय बरोबर होता का, एवढेच पाहतात. तुमच्यासारख्या प्रकरणात नवा पुरावा विचारात घेत नाहीत. आता पाठवलेली पावती कितीही खरी असली तरी अधिकाऱ्यासमोर ती नव्हती, आणि त्याने मागून घ्यायला हवी होती हा मुद्दाही टिकत नाही, कारण कागद मागवण्याची त्याला मुभा असते, सक्ती नसते.

शिवाय वेळेची अडचण आहेच. रिव्ह्यूच्या निकालाला कित्येक महिने लागू शकतात आणि तुमच्या हाती २ फेब्रुवारीपर्यंतचाच वेळ आहे. रिव्ह्यू चालू असताना नवा अर्ज केला, तर रिव्ह्यू आपोआप रद्द होतो. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवता येत नाहीत. त्यामुळे पावती जोडली असली तरीही, याच सत्रात जायचे असेल तर नवा अर्ज हाच मार्ग आहे. पुढच्या सत्रापर्यंत थांबायची तयारी असेल आणि नकाराची नोंद पुसून घेणे महत्त्वाचे वाटत असेल, तरच रिव्ह्यू मागा.

नव्या अर्जासाठी तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. एफडी मोडून ४ लाख ५ डिसेंबरला खात्यात परत आले. त्या दिवसापासून मोजले तर १ जानेवारीला २८ दिवस पूर्ण झाले. म्हणजे एफडीची कहाणी पुन्हा सांगण्याची गरजच नाही. ५ डिसेंबरपासूनचा नवा उतारा काढा, त्यातील अखेरच्या शिलकेच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत अर्ज करा, आणि तो उतारा स्वतंत्रपणे पुरेसा ठरेल.

मात्र त्या उताऱ्यात एक खड्डा असू शकतो. १७ डिसेंबरला व्हिसाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार तुम्ही बाबांच्याच खात्यातून भरलात का? ५२४ पौंड शुल्क आणि वर्षाला ७७६ च्या हिशेबाने अधिभार, व्हिसाचे जास्तीचे महिने धरून, सुमारे दोन लाख रुपये होतात. ३०,८६,२०० मधून ते गेले असतील तर खात्यात साधारण २८ लाख ८४ हजार उरले असतील. आजच्या दराने हे पुरते, पण पौंड १२६ रुपयांवर गेला तर गरज २९ लाखांच्या वर जाते आणि तुम्ही पुन्हा त्याच ठिकाणी अडकता. काठावरची रक्कम दाखवून अर्ज करणे ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. आज खात्यात दोन लाख टाकून उपयोग नाही, कारण त्यांचे २८ दिवस आजपासून सुरू होतील.

यावर एक उपाय आहे. काका, मामा किंवा अन्य कोणाच्या खात्यातून विद्यापीठाच्या शुल्कापोटी आणखी दोन हजार पौंड भरा. भरलेल्या शुल्काला २८ दिवसांची अट नाही आणि ते कोणी भरले हेही आड येत नाही. नव्या कॅसवर ते नोंदवले गेले की दाखवायची रक्कम तेवढ्याने लगेच उतरते, २१,०३९ पौंडांवर येते. नव्या अर्जाचे शुल्क आणि अधिभारही बाबांच्या त्या खात्यातून भरू नका. पहिला अधिभार परत मिळतो, व्हिसाचे शुल्क मिळत नाही.

आता कॅसविषयी. एक कॅस एकाच अर्जाला चालतो, म्हणून नवा लागणारच, आणि माझ्या मते तुमची खरी कसोटी व्हिसा कार्यालयापेक्षा येथे आहे. विद्यापीठाला स्वतःचा परवाना राखण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांच्या व्हिसा-नकारांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली ठेवावे लागते. ही मर्यादा पूर्वी १० टक्के होती, आणि मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत ती ५ टक्क्यांवर आणण्याचे सुचवले होते. तुमचा नकार त्यांच्या खात्यात आधीच जमा झाला आहे. दुसरा ते ओढवून घेणार नाहीत. म्हणून एजंटामार्फत 'कृपया नवा कॅस द्या' असा एका ओळीचा निरोप पाठवू नका. आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आजच स्वतः लिहा: नकाराचे संपूर्ण पत्र, २ डिसेंबरच्या तुटीचे दोन ओळींत कारण, ५ डिसेंबरपासूनचा उतारा आणि वरचा हिशेब सोबत जोडा. उशिरा हजर होण्याची शेवटची तारीख हलत नसेल, तर प्रवेश पुढच्या सत्रात नेता येईल का आणि भरलेले ५,००० पौंड तिकडे वळतील का, हेही त्याच पत्रात विचारा.

खाते बाबांचे असल्यामुळे जन्मदाखला आणि बाबांचे संमतीपत्र पुन्हा लागेल. दाखला ग्रामपंचायतीचा किंवा जुना हस्तलिखित, फक्त मराठीत असेल, तर अनुवादकाची सही, तारीख आणि संपर्क असलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद जोडा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट नेहमी आड येते. सांगलीकडच्या एका मुलाचे कागद पाहताना मला दिसले की निम्मी रक्कम गावच्या पतसंस्थेतील ठेवीत होती. खाते अशा संस्थेत हवे जिच्यावर योग्य नियामकाचे नियंत्रण आहे आणि जिच्या नोंदी संगणकावर तपासता येतात. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली असते, पतसंस्था नसते. शेअर, म्युच्युअल फंड आणि भविष्यनिर्वाह निधीही येथे मोजत नाहीत. तुमच्या नव्या अर्जात यांपैकी काही भर म्हणून जोडण्याचा विचार असेल, तर तो सोडा.

नव्या अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का' या प्रश्नाला 'हो' लिहा आणि तारीख व कारण द्या. ६५४ पौंडांची तूट भरून निघते. हा नकार लपवला तर मात्र सुरुवातीला म्हटलेला फसवणुकीचा ठपका लागू शकतो. पावती जोडली होती की नाही ते कळवा आणि दुसरे पान क्रमांक झाकून लावा. त्यावरून रिव्ह्यूचा भाग मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.