दोन वेळा, तीन शहरं: परदेशी क्लायंटच्या निरोपांबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझा एक क्लायंट लंडनचा, दोन न्यूयॉर्कचे. दिवसभर फोन वाजतो. निरोप दिवसातून दोनदाच बघायचे तर कधी? (वेब डिझायनर, कोल्हापूर)

सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सात ते आठ. सकाळी नऊला न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात आणि लंडनमध्ये पहाटेचे साडेचार. दोघंही झोपलेले, त्यामुळे तुम्ही उत्तरं लिहीत असताना नवा निरोप मध्ये येत नाही. रात्रभर साचलेलं शांतपणे निस्तरता येतं. मात्र चॅटवरचं उत्तर तिथल्या सकाळसाठी ‘शेड्यूल’ करा, नाहीतर त्यांचा फोन मध्यरात्री वाजेल. ही वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे भरायची असते हे विसरू नका.

संध्याकाळी सातला न्यूयॉर्कचं ऑफिस उघडत असतं आणि लंडनमध्ये दुपार असते. लंडनकराची सकाळ आपल्याकडे दुपारी दीड-अडीचला सुरू होते. त्याला जास्तीत जास्त साडेसहा तास वाट पाहावी लागते आणि तुमचं उत्तर वाचून काही विचारायला त्याच्या हाती अर्धी दुपार उरते. मधल्या वेळात नोटिफिकेशन बंदच ठेवा. ‘नुसतं बघतो, उत्तर नंतर देतो’ हे कोणालाच जमत नाही.

प्रश्न: क्लायंटला हे सांगायचं कसं? ‘हा उपलब्ध नसतो’ असा समज होईल. (भाषांतरकार, पुणे)

‘मी दोनदाच मेल बघतो’ असं सांगू नका. त्याला उत्तर कधी मिळेल तेवढंच सांगा, आणि तेही त्याच्या शहराच्या वेळेत. इथे एक सोय आहे. भारताचं घड्याळ बदलत नाही, त्यांचं बदलतं. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपले रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. म्हणून ‘सकाळी साडेदहाच्या आत’ असा शब्द द्या. तो वर्षभर पाळता येतो, तुमची निरोप बघायची खिडकी सरकवावी लागत नाही. लंडनसाठी तसाच ‘दुपारी साडेतीनच्या आत’.

तातडीचं म्हणजे काय, तेही आधीच ठरवा. फाइल उघडत नाही किंवा आज छापायला जाणाऱ्या मजकुरात चूक सापडली, तर फोन करावा. बाकी सगळं लेखी. व्हॉट्सॲप बिझनेसच्या अवे मेसेजमध्ये हेच दोन ओळींत लिहून ठेवता येतं.

प्रश्न: दोन वेळा पाळतो, पण साध्या गोष्टीला तीन दिवस लागतात. क्लायंट लिहितो, ‘फोटो नीट दिसत नाहीत.’ मी विचारतो, ‘कोणते?’ तो म्हणतो, ‘सगळे.’ मग मी विचारतो, ‘मोबाइलवर का?’ (फ्रीलान्सर, नाशिक)

या पद्धतीत न्यूयॉर्कशी दिवसाला साधारण एकच फेरी होते: संध्याकाळी तुम्ही विचारता, रात्री तो उत्तर देतो, सकाळी तुम्ही वाचता. तुमच्या प्रत्येक सुट्या प्रश्नाची किंमत एक दिवस. दोष वेळांचा नाही, निरोपाचा आहे. मंगळवारी संध्याकाळी असं लिहून बघा:

“मेनूचं पान मी फोनवर आणि लॅपटॉपवर उघडलं. फोनवर फोटो कडेने कापले जातात. हाच त्रास असेल तर फक्त ‘हो’ लिहा. दुसरं काही असेल तर स्क्रीनशॉट आणि फोनचं मॉडेल पाठवा. न्यूयॉर्कच्या बुधवारी दुपारी बारापर्यंत निरोप आला नाही, तर फोनवरचे फोटो दुरुस्त करून चाचणीच्या पानावर टाकतो.”

तिथले बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. गुरुवारी सकाळी ‘हो’ असो, स्क्रीनशॉट असो की काहीच नसो, तुमचं काम सुरू होतं. मौनाला संमती धरायची ती मात्र परत फिरवता येईल अशाच कामात. किमती बदलणं, मजकूर उडवणं, पान खऱ्या साइटवर चढवणं यांना लेखी होकार हवाच. आणि साइट सुरू होण्याच्या आठवड्यात ही शिस्त बाजूला ठेवा. तेव्हा रोज संध्याकाळी अर्धा तास समोरासमोर कॉल बरा.

प्रश्न: शनिवारी सुट्टी घेतली की सोमवारी अमेरिकन क्लायंट चिडलेला असतो. का? (अकाउंटंट, ठाणे)

त्याची शुक्रवार दुपार म्हणजे आपली शुक्रवारची मध्यरात्र. आठवडा संपवताना त्याने पाठवलेलं तुम्ही सोमवारी सकाळी वाचता. उलट सोमवारी सकाळी अमेरिकेत रविवार असतो, पेटीत नवं जवळपास काहीच नसतं. सगळे क्लायंट अमेरिकेचेच असतील तर सकाळची खिडकी मंगळवार ते शनिवार ठेवा, संध्याकाळची सोमवार ते शुक्रवार. शनिवारचा तो एक तास नको असेल, तर शुक्रवारी संध्याकाळीच कळवून टाका की यानंतरच्या निरोपाला उत्तर सोमवारी त्याच्या सकाळी मिळेल.