लाभांश निम्मा झाला: अध्यक्षांचं पत्र कसं वाचावं?

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे माझ्याकडे ५०० शेअर आहेत. गेल्या वर्षी शेअरमागे ८ रुपये मिळाले, यंदा ४. अध्यक्ष लिहितात, ‘वाहन उद्योगातली मंदी’. खरं मानू का? (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

तुम्ही अहवालाची पानं पाठवलीत ते बरं झालं. शेअरमागचा नफा २० रुपयांवरून ९ वर आलाय. गेल्या वर्षी २० तले ८ वाटले, म्हणजे ४० टक्के. यंदा ९ तले ४, म्हणजे ४४. तुमचा वाटा कुणी कापलेला नाही, नफाच आटलाय. इथवर पत्र खरं आहे.

आता रोख प्रवाह पत्रक उघडा. नफा २७ कोटी, त्यात घसारा १८ कोटी मिळवला की ४५ होतात. पण ग्राहकांकडची येणी २२ कोटींनी वाढली आणि गोदामातला माल १२ कोटींनी. हातात उरले ११ कोटी. शेअर ३ कोटी आहेत, तेव्हा ४ रुपयांनीसुद्धा १२ कोटी लागतात. ८ रुपये द्यायचे तर २४ कोटी लागले असते, म्हणजे शिल्लक मोडून किंवा कर्ज काढून. कपात योग्यच होती.

मला खटकतं ते दुसरंच. विक्री घटली असताना येणी वाढली, याचा अर्थ ग्राहक पैसे लांबवतायत किंवा मार्चअखेर माल उधारीवर ढकललाय. यावर पत्रात अवाक्षर नाही. हिशेबाच्या टिपांमध्ये येण्यांचा मुदतवार तक्ता असतो. त्यात सहा महिन्यांपेक्षा जुनी रक्कम गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली ते पाहा आणि वार्षिक सभेत नेमकं तेच विचारा.

पत्रात तर ‘२०० टक्के लाभांश’ लिहिलंय. मग कपात कसली? (गृहिणी, चिंचवड)

ते टक्के दर्शनी मूल्यावरचे आहेत. शेअरचं दर्शनी मूल्य २ रुपये, म्हणून ४ रुपये म्हणजे २०० टक्के. गेल्या वर्षी हेच ४०० होते. टक्के सोडा, रुपये पाहा.

राखीव निधी ३०० कोटींचा आहे, त्यातून द्यायला काय हरकत? सभेत मतदान करून वाढवून घेता येईल का? (लघुउद्योजक, भोसरी)

राखीव निधी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. वर्षानुवर्षं न वाटलेला नफा मशीन, शेड आणि मालात गुंतलेला असतो. ताळेबंदात ‘रोख व बँक शिल्लक’ ही ओळ वेगळी असते, ती बघा. नफा अपुरा असताना मागच्या मुक्त राखीव निधीतून लाभांश द्यायला कंपनी कायद्याची बंधनंही आहेत: भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या एक दशांशापेक्षा जास्त काढता येत नाही.

मतदानाचं म्हणाल, तर संचालक मंडळाने शिफारस केलेल्या रकमेपेक्षा जास्त लाभांश सभासद सहसा मंजूर करू शकत नाहीत. कमी करू शकतात.