शेकआउटजवळच्या मोटरला रिझॉल्व्हरच घे

भावा, शिरोलीच्या फाउंड्रीत शेकआउटजवळ, म्हणजे साचा हादरवून वाळूतून कास्टिंग बाहेर काढतात तिथे, सर्व्हो मोटर बसवणार असशील तर रिझॉल्व्हरवालीच घे. रिझॉल्व्हर काय आणि एन्कोडर काय, दोन्ही मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला रोटरचा कोन कळवणारे सेन्सर. आमच्या तिथल्या मोटरवर ऑप्टिकल एन्कोडर होता. दुपारी तापली की फीडबॅक फॉल्ट, रात्री गार झाली की बिनतक्रार चालू. केबल बदलून दमलो; दोष एन्कोडरच्या आतल्या तापलेल्या सर्किटात निघाला. रिझॉल्व्हरमध्ये ना सर्किट, ना काचेची चकती. नुसती तांब्याची वाइंडिंग आणि लोखंडी पत्रे. म्हणून उष्णता, धूळ, हादरे तो सोसतो. तपासणीही सोपी: कनेक्टर काढून साइन आणि कोसाइन वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोज, दोन्ही जवळपास सारखे हवेत.

फक्त ड्राइव्हला रिझॉल्व्हर इनपुट आहे का, हे आधी बघ. बसवल्यावर रोटरचा कोनही जुळव, नाहीतर मोटर भलतीकडे पळेल. सीएनसीच्या बारीक कामाला मात्र एन्कोडरच लागतो.