पित्ताशयात खडा, स्लज आणि जाड भिंत

प्रश्न: आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात 9 मिमीचा खडा, थोडा स्लज आणि वॉल थिकनिंग 5 मिमी आलंय. तिला एरवी फक्त गॅसेसचा त्रास आहे. ऑपरेशन लगेच करावं लागेल का?

उत्तर: आधी एक विचारा, आई उपाशीपोटी गेल्या होत्या का? मी इंदूरला बरीच वर्षं सोनोग्राफी करतोय आणि इथे सकाळी पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडणारा माणूस विरळाच. मागे आमच्याच कॉलनीतल्या एक काकू आल्या, भिंत 5 मिमी दिसली, घरचे घाबरले, सर्जनची अपॉइंटमेंटही घेऊन झाली. मी विचारलं तर म्हणाल्या, "थोडेसेच पोहे खाल्ले हो." खाल्लं की पित्ताची पिशवी आकसते आणि आकसली की भिंत जाड दिसते. दुसऱ्या दिवशी आठ तास उपाशी ठेवून परत बघितलं तर भिंत अडीच मिमी, 3 पर्यंत नॉर्मलच धरतात.

आणि उपाशी असूनही जाड आली तरी दोष पित्ताशयाचाच असतो असं नाही, डेंगू, कावीळ, लिव्हर किंवा हार्टचा आजार यातही भिंत सुजते. खड्यामुळे सूज असेल तर सहसा प्रोब नेमका पिशवीवर दाबला की पेशंट कळवळतो, पिशवी तट्ट फुगलेली असते, कधी भोवती पाणी दिसतं. पण भिंत एकाच बाजूला वेडीवाकडी जाड असेल तर दुखत नसलं तरी थांबू नका, कॅन्सर नाही ना हे बघायला सीटी करतात.

काकूंचा खडा मात्र खरा होता, त्यांच्या भाषेत पथरी. कुशीवर वळवलं की तो घरंगळायचा आणि त्याच्या मागे काळी सावली पडायची. स्लज म्हणजे घट्ट झालेलं पित्त, गाळासारखं, सावकाश सरकतं, सावली पडत नाही. खूप दिवस उपास, झपाट्याने वजन उतरणं, प्रेग्नन्सी, सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं, यानंतर होतो आणि बरेचदा आपोआप जातोही.

मुद्दा हा की ऑपरेशन खड्याच्या साइजवर कमी आणि दुखण्यावर जास्त ठरतं. खड्याचं दुखणं ओळखू येतं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मध्यभागी, बरेचदा रात्री किंवा तेलकट खाल्ल्यावर, अर्धा तास ते काही तास सलग, कधी उजव्या खांद्यामागे जातं, सोबत उलटी. असा अटॅक एकदा आला तरी दुर्बिणीच्या ऑपरेशनचं बोलायला हवं कारण तो परत येतो. नुसते गॅस, ढेकर असतील तर पिशवी काढूनही ते तसेच राहू शकतात, मग लोक आम्हालाच शिव्या घालतात! न दुखणाऱ्या खड्यांपैकी वर्षाला शंभरात एखाद-दोन जणांनाच त्रास सुरू होतो, म्हणून काकूंचं ऑपरेशन सर्जननी स्वतःच टाळलं.

दुखणं पाच-सहा तास थांबलं नाही, थंडी-ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा कळ पाठीत आरपार गेली, तर मात्र रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या, खडा पित्ताच्या नळीत अडकलेला असू शकतो. तूर्तास आईंची सोनोग्राफी उपाशीपोटी परत करा आणि दोन्ही रिपोर्ट घेऊनच सर्जनकडे जा.