पीएसए ६.८ आला म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न: बाबांचं वय ६८, पीएसए ६.८ आला. मागच्या आठवड्यात लघवीला जळजळ होती. कॅन्सरच असेल का?

उत्तर: नाही, या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. आधी जळजळीचा बंदोबस्त करा आणि सहा-आठ आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट रोज पाहते. पीएसए हे प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीचं प्रथिन आहे, कॅन्सरचं नव्हे. वयानुसार ग्रंथी वाढली, इन्फेक्शन झालं, कॅथेटर घातला, तरी ते रक्तात वाढतं. पीएसए ४ ते १० असलेल्या साधारण चौघांपैकी एकाच्याच बायोप्सीत कॅन्सर सापडतो. पुन्हा टेस्ट करताना आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळायचे. आकडा चढाच राहिला तर युरॉलॉजिस्ट बहुधा आधी एमआरआय सांगतील.

सरसकट तपासणीचा वाद वेगळाच. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात २३ वर्षांनंतर हिशेब असा निघाला: ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळला. सापडणारे बरेच कॅन्सर मात्र इतके संथ असतात की त्यांनी कधी त्रास दिलाच नसता, आणि ऑपरेशननंतर लघवी न थांबणं किंवा नपुंसकत्व मागे राहू शकतं.

थांबून पुन्हा टेस्ट करण्याला एक अपवाद: बाबा फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटच्या गोळ्या सहा महिन्यांहून जास्त घेत असतील, तर ६.८ हा आकडा दुप्पट धरा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.