पाठ केलेली पद्धत आणि चुकलेला बफर

«वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये इंटर्नशिपला लागून तीन आठवडे झाले. सगळे आठ-दहा वर्षांचे अनुभवी. मला काहीच येत नाही, चुकून निवड झाली, आणि एक दिवस हे सगळ्यांना कळणार, असं सतत वाटतं. काय करू?»

मुलगी डिचोलीची, रसायनशास्त्रात एमएस्सी करणारी. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिल्या भेटीत तिला एवढंच विचारलं, की या भीतीपोटी तू दिवसभरात नेमकं काय करतेस? उत्तर असं आलं: दुपारी चाचणीची पद्धत वाचायची, पणजीपर्यंतच्या बसमध्ये ती मनात घोकायची आणि सकाळी कागद न उघडता काम करायचं. पानं उलटताना कुणी पाहिलं तर ‘हिला येत नाही’ असं वाटेल, म्हणून.

त्यातूनच एक चूक झाली होती. औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासाठी मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण, बनवताना आधी पाण्यातल्या बफरचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा, पीएच जुळवायचा आणि मग अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळायचं, असं त्या पद्धतीत होतं. घोकलेला क्रम उलटा झाला. तिने आधी मिश्रण केलं आणि मग पीएच पाहिला. मीटर पाण्यातल्या प्रमाण द्रावणांवर जुळवलेला असतो, त्यामुळे मिश्रणात त्याने दाखवलेला आकडा बफरचा खरा पीएच नव्हे. आलेखावरचा उंचवटा, म्हणजे पीक, भलत्याच वेळेला आला, यंत्रणा मोजणीला योग्य आहे का हे पाहणारी सिस्टिम सुटेबिलिटी चाचणी नापास झाली, अर्धा दिवस गेला. मिसळतानाच तिला शंका आली होती. तिचं काम पाहणारे सर तीन पावलांवर उभे होते, तरी तिने विचारलं नाही. यातून तिने काढलेला निष्कर्ष मात्र ‘मी खोटी आहे’ हा होता. खरं तर चूक झाली ती न येण्यामुळे नाही, न येणं लपवण्यामुळे.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये या अनुभवाला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ असं नाव दिलं. हा आजार नव्हे. तो टिकतो एका चक्रामुळे. भीतीपोटी अतोनात तयारी होते. काम जमलं तर श्रेय त्या तयारीला जातं, फसलं तर दोष स्वतःला. म्हणून यशाने भीती कमी होत नाही. घरच्यांचं ‘तू हुशार आहेस गो’ही उपयोगी पडत नाही. उलट, ‘यांनाही मी फसवलं’ अशी भर पडते.

म्हणून धीर देण्याऐवजी एक प्रयोग ठरवला. दहा कामाचे दिवस, रोज एक प्रश्न, काम सुरू करण्याआधी आणि पद्धतीचा कागद हातात उघडा धरून. प्रश्न असा: «इथे असं लिहिलंय, मी त्याचा अर्थ असा घेतला, बरोबर आहे ना?» विचारण्याआधी वहीत अंदाज लिहायचा, विचारल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते. पहिल्या दिवशीचा अंदाज होता, ‘सर म्हणतील, एवढंही येत नाही? खात्री 80 टक्के.’

दहापैकी एकदाच तुटक उत्तर मिळालं. सर तेव्हा तराजूवर वजन घेत होते, म्हणजे गडबड वेळेची होती. दोनदा तर सरांनी स्वतःच कागद उघडून ओळीवर बोट ठेवलं. तिच्यासाठी ही सगळ्यांत मोठी गोष्ट ठरली. औषधांच्या लॅबमध्ये आठवणीवर काम करणं हे कौशल्य मानत नाहीत, तो दोष धरतात. अनुभवी माणूसही मंजूर पद्धत समोर ठेवून काम करतो आणि नोंद तिथल्या तिथे करतो. ती ज्याला अज्ञानाची खूण समजत होती, तीच तिथली शिस्त होती.

दुसरं काम एका वाक्याचं: «महिनाअखेरपर्यंत मला स्वतंत्रपणे काय यायला हवं?» सरांनी तीन गोष्टी सांगितल्या: तराजूची रोजची तपासणी, लॉगबुक भरणं, आणि देखरेखीखाली बफर बनवणं. एचपीएलसी एकटीने चालवणं त्या यादीत नव्हतंच. ती स्वतःला मोजत होती आठव्या वर्षाच्या मापाने.

दहाव्या दिवशीचा अंदाज 30 टक्क्यांवर आला. तो शून्य होईल अशी अपेक्षा ठेवू नये. नव्या जागी थोडी धाकधूक राहतेच, आणि त्या 30 टक्क्यांसह प्रश्न विचारता आला की पुरे.

मात्र वहीतले निकाल उलटेही येऊ शकतात. योग्य वेळी विचारूनही दर वेळी अपमानच होत असेल, तर अडचण तुमच्या मनात नाही. ती वही घेऊन कॉलेजमधल्या इंटर्नशिप पाहणाऱ्या शिक्षकांकडे जा. आणि दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर या प्रयोगावर थांबू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. जगणंच नको असे विचार येत असतील, तर दोन आठवडे वाट पाहू नका, त्याच दिवशी.